नऊच्या ठोक्याला नव्वद हाका

एक तालुका दूध संघ डोळ्यांसमोर आणा. गावोगावी त्याची 90 संकलन केंद्रं आहेत. सकाळी उत्पादक किटली घेऊन येतो, सचिव दूध मोजतो, फॅट आणि एसएनएफ काढतो आणि आकडे केंद्रातल्या संगणकात भरले जातात. ते संघाच्या कचेरीत पोचावेत म्हणून कुणीतरी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिलाय. तो दर पाव तासानं जागा होतो, नव्या नोंदी गोळा करतो आणि इंटरनेटवरून गूगल शीट्समधल्या एका सामाईक तक्त्यात नेऊन लिहितो. याला सिंक म्हणतात. केंद्रं 40 होती तोवर कुणाची तक्रार नव्हती. ती 90 झाली आणि कचेरीतून फोन सुरू झाले: ‘नऊच्या पत्रकात तीस गावांचं दूधच दिसत नाही.’ गंमत म्हणजे रोज जवळपास तीच तीस गावं.

हा संघ माझ्या कल्पनेतला आहे, पण त्याला आडवा आलेला नियम अगदी खरा आहे. गूगल शीट्समध्ये प्रोग्रॅमकडून लिहायचं असेल, तर गूगलच्या कागदपत्रांनुसार एका वापरकर्त्याला मिनिटाला 60 विनंत्या करता येतात. मिनिट सरलं की हा कोटा पुन्हा भरतो. आपल्या संघात नव्वदही संगणक एकाच खात्यानं आत शिरतात, म्हणजे गूगलच्या हिशेबी तो एकच वापरकर्ता. घड्याळात नऊ वाजले, नव्वद संगणकांनी एकाच सेकंदाला दार ठोठावलं, 60 आत गेले आणि 30 बाहेर राहिले. ज्या गावांचं नेटवर्क मंद, त्यांची विनंती अर्ध्या सेकंदानं मागून पोचते. म्हणून बाहेर राहायची पाळी रोज त्याच गावांवर येते.

बाहेर राहिलेल्यांना सर्व्हर एक आकडा परत पाठवतो: `429 Too Many Requests`. 2012 साली वेबच्या नियमांत हा आकडा अधिकृतपणे आला. त्याचा अर्थ ‘तुझी विनंती चुकली’ असा नाही, तर ‘विनंती ठीक आहे, पण आत्ता नको’ असा आहे. हा फरक महत्त्वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तक्त्याचा पत्ताच चुकला असेल (`404`) किंवा परवानगी नसेल (`403`), तर शंभरदा विचारूनही उत्तर बदलणार नाही. तिथं थांबून माणसाला कळवायचं. मात्र कोणत्याही सेवेशी व्यवहार करण्याआधी तिची कागदपत्रं वाचावीत. गिटहब मर्यादा ओलांडल्यावर 429 देतं, तसंच कधी कधी 403 सुद्धा देतं, आणि मग नुसत्या आकड्यावरून कारण कळत नाही.

आता ‘आत्ता नको’ याचं उत्तर काय? पहिला प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनात येतं ते असं: एक सेकंद थांब, पुन्हा विचार, तीनदा जमलं नाही तर सोडून दे. आपल्या संघात हेच लिहिलेलं होतं असं धरू. मर्यादेचं दार साठ सेकंदांनी उघडणार आणि आपला प्रोग्रॅम तिसऱ्या सेकंदाला हताश होऊन घरी परतलेला. तीस गावं रिकामीच.

मग कुणीतरी सुचवतं की तीनदा कशाला, जमेपर्यंत दर सेकंदाला विचारत राहू. याचा हिशेब करून पाहा. तीस संगणक, साठ सेकंद: नऊ ते नऊ-एक या वेळात 1,800 नकार. दूध पोचलं खरं, पण तीस नोंदींसाठी सर्व्हरला अठराशे वेळा ‘नाही’ म्हणायला लागलं. ‘नाही’ म्हणायलाही सर्व्हरला श्रम पडतातच. मर्यादा लागू असताना विनंत्या करत राहिलात तर तुमच्या प्रोग्रॅमवर बंदी येऊ शकते, असं गिटहबच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

हट्टानं विचारत राहणारी यंत्रं काय करू शकतात याचा एक जुना दाखला आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात लोकांना बरोबर वेळ सांगणारा एक सर्व्हर होता. नेटगिअर कंपनीच्या काही घरगुती राउटरांमध्ये त्याचा पत्ता कायमचा कोरलेला होता, आणि उत्तर मिळालं नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचारायचं, एवढीच त्यांची शहाणीव. 2003 च्या मे महिन्यात विद्यापीठाच्या जाळ्यावर हा लोंढा येऊ लागला. तिथल्या लोकांनी तो अडवला. अडवल्यामुळे उत्तर मिळेना, आणि उत्तर मिळेना म्हणून राउटर विचारतच राहिले. जूनमध्ये सेकंदाला अडीच लाख पॅकेट्स येत होती. ती यंत्रं लोकांच्या घरात पोचलेली होती, त्यांना बाहेरून गप्प करायचा सोपा मार्ग नव्हता.

यावरचा उतारा म्हणजे दर नकारानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करणं. एक सेकंद, मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. इंग्रजीत याला एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ म्हणतात; आपण ‘दुपटीनं माघार’ म्हणू. अडचण क्षणभराची असेल तर पहिल्या-दुसऱ्या फेरीत काम होऊन जातं, फार वेळ वाया जात नाही. अडचण मोठी असेल तर आपला तगादा आपोआप विरळ होत जातो. सर्व्हर किती वेळ अडलेला राहील हे आपल्याला ठाऊक नसताना ही पद्धत दोन्हीकडून बरी पडते. आपल्या तीस संगणकांना ती लावली, तर ते नऊ वाजून 1, 3, 7, 15, 31 आणि 63 सेकंदांनी विचारतील. आधीचा नकार आणि हे पाच नकार मिळून प्रत्येकाचे सहा, म्हणजे एकूण 180. त्रेसष्टाव्या सेकंदाला दार उघडलेलं आहे. अठराशेचे एकशेऐंशी झाले आणि दूध तीनच सेकंद उशिरा पोचलं.

दुप्पट करत गेलं की आकडे भराभर फुगतात. अकराव्या फेरीला सतरा मिनिटं थांबायची वेळ येईल. म्हणून वरून एक टोपी घालतात: 64 सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. गूगल स्वतः 32 किंवा 64 सुचवतं.

इथवर बहुतेक जण येतात आणि समाधानानं थांबतात. पण वरचे आकडे पुन्हा वाचा. 1, 3, 7, 15, 31, 63. तीसच्या तीस संगणक याच सेकंदांना विचारताहेत. मधल्या काळात सर्व्हर रिकामा बसलाय आणि मग एकदम तीस हाका. गर्दी विरळ झाली, पण पांगली नाही. ती एकत्रच मागे सरली आणि एकत्रच पुढे आली.

फोनवर बोलताना मध्येच लाइन तुटते तेव्हा काय होतं ते आठवा. दोघंही लगेच एकमेकांना फोन लावतात आणि दोघांनाही एंगेज लागतो. दोघंही मनात म्हणतात, थोडं थांबू. दोघंही सारखंच थांबतात, पुन्हा एंगेज. यातून सुटका होते ती दोघांतल्या एकाला शिंक येते किंवा दूध उतू जातं म्हणून. ‘थोडं’ दोघांचं वेगळं झालं की फोन लागतो. यंत्राला शिंक येत नाही, म्हणून ती मुद्दाम द्यावी लागते. नेमका आठ सेकंद थांबू नकोस, शून्य ते आठ यांच्यातला कुठलाही आकडा फासा टाकून काढ आणि तेवढा थांब. या फाशाला जिटर म्हणतात.

हे शहाणपण नवं नाही. 1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटानं बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओनं जोडली, तेव्हा दोन यंत्रं एकदम बोलली की दोघांचंही बोलणं वाया जायचं. त्यांनी प्रत्येकाला वाटेल तेवढा, फाशानं ठरलेला वेळ थांबायला लावलं. पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट उभं केलं. इथरनेटच्या नियमात पहिल्या टकरीनंतर 0 किंवा 1 यातला एक आकडा निवडायचा, दुसरीनंतर 0 ते 3, तिसरीनंतर 0 ते 7, असं करत 0 ते 1023 पर्यंत जायचं आणि सोळा प्रयत्नांत जमलं नाही तर सोडून द्यायचं. म्हणजे दुप्पट होते ती फाशाची कक्षा. दुपटी आणि फासा तिथं एकाच नियमात गुंफलेले होते. वेबचे प्रोग्रॅम लिहिताना आपल्यातल्या अनेकांनी त्यातली दुपटी तेवढी उचलली, असं मला वाटतं.

2015 साली ॲमेझॉनच्या मार्क ब्रुकर यांनी या फरकाचं मोजमाप करून दाखवलं. एकाच नोंदीसाठी भांडणारे शंभर संगणक त्यांनी प्रतिरूपात उभे केले. नुसत्या दुपटीच्या माघारीत हाकांचे घोळके तसेच राहिले. शून्यापासून पूर्ण कक्षेत फासा टाकला, तेव्हा एकूण हाका निम्म्याहून कमी झाल्या. या पद्धतीला ते फुल जिटर म्हणतात, आणि तेव्हापासून ‘फुल जिटर वापरा’ हा सल्ला सगळीकडे फिरतो.

आपल्या दूध संघात मात्र हा सल्ला जसाच्या तसा लावला तर फसगत होते, आणि ती कशी होते हे पाहण्यासारखं आहे. शून्य ते आठमधला फासा सरासरीनं चार देतो. म्हणजे फुल जिटरमध्ये प्रत्येक थांबा सरासरी अर्धा होतो. सहा फेऱ्यांचे 63 सेकंद आता सरासरी साडेएकतीसवर येतात. प्रोग्रॅममध्ये ‘सहा प्रयत्नांनंतर सोड’ असं लिहिलेलं असेल, तर जवळजवळ सगळीच केंद्रं साठावा सेकंद यायच्या आत हार मानून बसतील. जिटर नव्हता तेव्हा दूध पोचत होतं, जिटर आला आणि पोचेनासं झालं! ब्रुकर यांच्या प्रतिरूपात भांडण संपलं की दार लगेच मोकळं होत होतं. आपलं दार घड्याळावर उघडतं. सल्ला चुकीचा नाही, प्रसंग वेगळा आहे.

म्हणून प्रयत्न मोजण्याऐवजी वेळ मोजावा: पाच मिनिटं झाली की सोड, मग त्यात प्रयत्न कितीही होवोत. दुसरं म्हणजे, दार कधी उघडणार हे ठाऊक असेल तर त्याआधी फासा टाकण्यात अर्थ नाही. पुष्कळ सेवा 429 सोबत `Retry-After` नावाची एक ओळ पाठवतात. तिच्यात ‘इतक्या सेकंदांनी ये’ किंवा थेट तारीख-वेळ असते. ती ओळ असेल तर आपली सगळी गणितं बाजूला ठेवून तिचं ऐकायचं. पण इथंही तोच घोळका दबा धरून बसलेला असतो. तिसांनाही ‘नऊ वाजून एक मिनिटानं ये’ असं सांगितलं, तर तीसही जण त्याच क्षणी हजर होतात. तेव्हा सांगितलेली वेळ ही तळरेषा धरायची आणि फासा तिच्या वर टाकायचा, तिच्या आत कधीच नाही.

```python
import random

def kiti_thambu(n, retry_after=None):
    kaksha = min(64, 2 ** n)
    return (retry_after or 0) + random.uniform(0, kaksha)
```

गूगलच्या कागदपत्रांतलं सूत्र थोडं निराळं आहे: `min((2^n) + random_number_milliseconds, maximum_backoff)`. यात दुपटीचा थांबा पूर्ण राहतो आणि फासा फक्त एका सेकंदापर्यंतचा असतो. वेळ मोजायला हे बरं. फक्त एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा: टोपी सगळ्या बेरजेवर आहे. थांबा 64 ला पोचला की फाशानं काहीही दिलं तरी उत्तर 64 च येतं, आणि जिटर जिथं सर्वांत हवा तिथंच नाहीसा होतो. मी फासा टोपीच्या बाहेर ठेवतो.

नेहमी चालणाऱ्या सिंकचं एक सुख असं की त्याला हार परवडते. पाच मिनिटांत नाही जमलं तर नाही, सव्वानऊला पुढची फेरी आहेच. अट एवढीच की ‘कुठवर पाठवलं’ याची खूण प्रोग्रॅमनं स्वतःजवळ ठेवावी आणि लिहिणं यशस्वी झाल्यावरच ती पुढे सरकवावी. दुसरी अट, आधीची फेरी अजून झगडत असेल तर नवी सुरू करू नये. एकाच केंद्रातून दोन फेऱ्या विचारू लागल्या की आपणच आपली गर्दी वाढवतो.

आणि पुन्हा लिहिण्यातला धोका. 429 आला तर विनंती पाळली गेली नाही हे नक्की, तेव्हा पुन्हा पाठवायला हरकत नाही. पण उत्तरच आलं नाही, मधल्या मध्ये नेट गेलं, तर? ओळ कदाचित लिहिली गेली असेल. पुन्हा पाठवली तर त्याच उत्पादकाचं तेच दूध दोनदा चढेल आणि दहा दिवसांच्या बिलात ते उघड होईल. म्हणून नवी ओळ शेवटी जोडत जाण्यापेक्षा केंद्र क्रमांक, उत्पादक क्रमांक, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ यांची मिळून एक किल्ली करावी आणि त्या किल्लीची ओळ असेल तर तिच्यावरच लिहावं. दोनदा लिहिलं तरी नोंद एकच राहते.

एवढं सगळं केल्यावरही मला मूळ प्रश्न सोडवत नाही: नव्वद संगणक नऊच्या ठोक्याला का उठतात? कारण प्रोग्रॅम लावणाऱ्यानं सगळीकडे `*/15 * * * *` लिहिलंय, म्हणजे दर तासाच्या 00, 15, 30 आणि 45 व्या मिनिटाला. आणि हल्ली संगणकांची घड्याळं इंटरनेटवरून इतकी चोख मिळवलेली असतात की सगळे एका सेकंदाच्या आत उठतात. घड्याळं जितकी बरोबर, तितकी गर्दी वाईट.

‘मग प्रत्येकाला आपापल्या वेळी सुरू होऊ द्या, आपोआप पांगतील’ असं वाटतं, पण तसं होतंच असं नाही. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनेटच्या राउटरांवर हे दाखवून दिलं. राउटर ठराविक काळानं एकमेकांना निरोप पाठवतात. सुरुवातीला ते वेगवेगळ्या वेळी पाठवत असले, तरी एकाचा निरोप हाताळताना दुसऱ्याचं काम लांबतं, दोघांची घड्याळं एकमेकांना चिकटतात आणि हळूहळू सगळे एकदम बोलू लागतात. अमेरिकेतल्या एका जाळ्यावर दर 90 सेकंदांनी पॅकेट्स हरवत होती, त्यामागे हेच होतं. त्यांचा उपाय: घड्याळातच पुरेसा मोठा फासा घाला. आपल्याकडे तर चिकटवण्याचं काम वीज करते. भारनियमन संपून फीडर चालू झाला की त्यावरच्या दहा-बारा गावांतले संगणक एकाच मिनिटाला उठतात, आणि प्रोग्रॅम ‘संगणक सुरू झाल्यापासून पाव तास’ असं मोजत असेल तर ते दिवसभर एका तालात राहतात.

तेव्हा पांगवणं घड्याळाला बांधून करावं. पाव तासाचे 900 सेकंद, केंद्रं 90. प्रत्येक केंद्राला दहा सेकंद. केंद्र क्रमांक 1 नं 9 वाजून 10 सेकंदांनी लिहावं, क्रमांक 2 नं 20 सेकंदांनी, आणि क्रमांक 90 ची पाळी 9:15 ला. मिनिटाला सहा विनंत्या होतात, मर्यादा साठांची आहे. 429 येण्याचं कारणच उरत नाही. लिनक्सच्या संगणकावर हेच ढोबळपणे करायला `RandomizedDelaySec` नावाची सोय तयार आहे. संकेतस्थळांची प्रमाणपत्रं नूतन करणारा सर्टबॉट हा प्रोग्रॅमही दिवसातून दोनदा चालतो तो याच रीतीनं, बारा तासांत कुठेतरी, फासा टाकून. एका केंद्राच्या पन्नास नोंदी पन्नास विनंत्यांनी पाठवत असाल तर त्याही एका गठ्ठ्यात बांधा. गूगल शीट्स असा गठ्ठा एकच विनंती म्हणून मोजतं.

एवढं केल्यावर दुपटीची माघार काढून टाकायची का? नाही. गूगलकडेच काही बिघडलं, संघाच्या कचेरीतून त्याच खात्यानं कुणी एकदम पुष्कळ नोंदी लिहिल्या, तर नकार येणारच. फक्त ती एकाच थरात ठेवा. वापरत असलेली लायब्ररी स्वतःच तीनदा पुन्हा विचारते, तिच्यावर तुमचा लूप तीनदा, त्याच्यावर शेड्युलर तीनदा. मूळ विनंती धरून प्रत्येक थरात चार प्रयत्न, तेव्हा एका नोंदीच्या 64 हाका. लायब्ररी आधीच काय करते हे पाहिल्याशिवाय आपला लूप लिहू नये.

तुमच्याकडे असा एखादा सिंक चालत असेल, तर आज त्याचा लॉग उघडा आणि 429 च्या ओळींपुढचे सेकंद वाचा. ते विखुरलेले असतील तर मर्यादाच अपुरी आहे, सेवा देणाऱ्याकडे कोटा वाढवून मागा. ते 00, 01, 03, 07, 15, 31 असे असतील, तर कोटा मागण्याआधी फासा टाका.